लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटची सफाई: आधी कॅप्चर, मग फिल्टर

प्रश्न: आईबाबांच्या लग्नाची १९९४ची व्हीएचएस कॅसेट आहे. यूएसबी कॅप्चर डोंगल घेतला आणि त्याच्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने सगळी कॅसेट एमपीफोरमध्ये उतरवून घेतली. फाइल ७२० बाय ४८० अशी दिसते. कोणी हललं की कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात, खालच्या बाजूला एक पट्टी सतत थरथरते, शालूचा लाल रंग हाताबाहेर सांडतो, हॅलोजनखाली चेहरे पांढरेफटक पडतात आणि शेवटाकडे आवाज चित्राच्या पुढे जातो. ही फाइल साफ कशी करू? सेटिंग काय ठेवू? कॅसेट आणि व्हीसीआर दोन्ही अजून आहेत.

उत्तर: ही फाइल बाजूला ठेवा आणि कॅसेट पुन्हा कॅप्चर करा. तुमच्या पाच तक्रारींपैकी तीन कॅप्चर करतानाच निर्माण झाल्यात आणि फिल्टर लावून त्या जाणार नाहीत.

आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची. त्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि चित्राच्या ५७६ ओळी असतात. प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनते. एका फील्डमध्ये एकाआड एक अशा अर्ध्या ओळी, दुसऱ्यात उरलेल्या, आणि दोन्हींमध्ये एकपन्नासांश सेकंदाचं अंतर. नवरीने हात हलवला की दोन फील्डमध्ये तो दोन जागी असतो आणि फ्रेम थांबवून पाहिली की कंगवा दिसतो. हा दोष नाही, सिग्नलच तसा, म्हणजे इंटरलेस्ड, आहे, आणि डीइंटरलेस करणारा फिल्टर तो व्यवस्थित सोडवतो. अट एकच: ओळी जशा आल्या तशाच फाइलमध्ये असायला हव्यात.

तुमच्या सॉफ्टवेअरने तेच मोडलं. डोंगलने सिग्नल पाल म्हणूनच वाचला असणार, नाहीतर चित्र काळंपांढरं किंवा वर-खाली धावणारं दिसलं असतं. पण साठवताना ५७६ ओळी ४८० मध्ये कोंबल्या. दर सहा ओळींच्या पाच झाल्या, म्हणजे शेजारच्या दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. खात्री करायची असेल तर हलणाऱ्या हातावर फ्रेम थांबवा आणि चित्र मोठं करा. चांगल्या कॅप्चरमध्ये कंगव्याचे दात बरोबर एकेका ओळीचे असतात. तुमच्यात ते काही ठिकाणी ठळक, काही ठिकाणी पुसट, असे पट्ट्यापट्ट्यांनी दिसतील. एकेक फ्रेम पुढे सरकवत जा. दर सहावी फ्रेम आधीच्या फ्रेमची नक्कल निघाली तर २५ च्या ३० फ्रेमही केल्यात. अशी मिसळलेली फील्ड पुन्हा वेगळी करता येत नाहीत.

पुन्हा कॅप्चर करताना

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर उजेड टाकून पाहा. कडेने पांढरट भुकटी किंवा डाग दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत कपाटात राहिलेल्या कॅसेटींमध्ये ती फार आढळते. अशी कॅसेट लावू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. टेप साफ करून देणाऱ्याकडेच ती द्यावी. गुंडाळी स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या टेपचा ताण सारखा होतो.

सॉफ्टवेअर म्हणून व्हर्च्युअलडब२ वापरा. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, पण या कामासाठी मी अजून तेच उघडतो. ओबीएसचा मोह टाळा. ते थेट प्रक्षेपणासाठी बनवलंय, चित्र आपल्या कॅनव्हासच्या मापात ताणतं आणि इंटरलेस्ड सिग्नल आहे तसा जपून ठेवणं हा त्याचा हेतूच नाही. कॅप्चरच्या खिडकीत मानक `PAL_B`, माप ७२० बाय ५७६, गती २५, रंगाचा प्रकार `YUY2`, आवाज ४८,००० हर्ट्झ १६ बिट. कॉम्प्रेशनला `Huffyuv`. ते काहीही न गमावता दाबतं. तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतात. कच्चा ठेवला असता तर तासाला ७५ जीबी झाला असता. डिस्क एनटीएफएस असू द्या. एफएटी३२ वर चार जीबीला फाइल अडते.

`YUY2` चा आग्रह का, ते सांगतो. डोंगल रंगाची माहिती प्रत्येक ओळीसाठी वेगळी देतो. एमपीफोरमध्ये सहसा दोन ओळींना मिळून एकच रंग उरतो. इंटरलेस्ड चित्रात या दोन ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात, त्यामुळे डीइंटरलेसच्या आधीच हे रूपांतर केलं तर हलत्या लाल पदरावर रंगाचे आडवे पट्टे उमटतात आणि ते मग जात नाहीत. म्हणून ही काटछाट अगदी शेवटी करायची.

आवाज पुढे का गेला, याची दोन कारणं संभवतात. आवाज हळूहळू, सारख्या गतीने सरकत गेला असेल तर डोंगलची आवाजाची आणि चित्राची घड्याळं जुळत नव्हती. ठरावीक जागी झटक्यात सरकला असेल तर तिथे फ्रेम गळाल्या. पहिल्या दोषासाठी `Capture → Timing` मध्ये आवाज चित्राशी जुळवून घेण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. दुसऱ्यासाठी कॅप्चर चालू असताना उजवीकडे गळालेल्या आणि भरलेल्या फ्रेमचे आकडे दिसतात, तिकडे नजर ठेवा. चित्रीकरण थांबवून पुन्हा सुरू केलेल्या जागी एखाददुसरी फ्रेम गळणं साहजिक आहे. आकडा सतत वाढत असेल तर डोंगल हबमधून काढून थेट संगणकाला लावा.

पांढरेफटक चेहरे

इथे थोडा वेळ घालवा, कारण ही चूक नंतर कुठल्याच फिल्टरने भरून येत नाही. डिजिटल चित्रात काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ हे आकडे ठरलेले आहेत. त्या काळचे व्हिडिओग्राफर एक हॅलोजन थेट चेहऱ्यावर मारायचे, त्यामुळे टेपवर पांढरा भाग या मर्यादेच्या बराच वर गेलेला असतो. डोंगलने तो २५५ ला कापला की गुरुजींचं उपरणं, आंतरपाट आणि नवरीचं कपाळ एकाच सपाट पांढऱ्यात जातात. नंतर उजेड कमी केलात तर तो पांढरा भाग फक्त राखाडी होईल, त्यातल्या चुण्या परत येणार नाहीत.

म्हणून कॅसेटमधला सगळ्यात झगझगीत प्रसंग शोधा. लग्नाच्या कॅसेटमध्ये तो बहुधा आंतरपाट धरल्याचाच असतो. तो चालू ठेवून `Video → Histogram` उघडा. दोन्ही टोकांना लाल रंगात दिसतो तो भाग मर्यादेबाहेरचा. `Video → Levels` मधून आधी कॉन्ट्रास्ट खाली आणा, उजवीकडचं लाल जाईपर्यंत. मग ब्राइटनेस थोडा वर-खाली करून डावीकडचं लाल घालवा. पुन्हा कॉन्ट्रास्ट बघा, कारण दोन्ही एकमेकांना ओढतात. चित्राभोवतीची काळी कड आणि खालची थरथरणारी पट्टीही हिस्टोग्राममध्ये मोजली जाते आणि फसवते. आकडे ठरवेपर्यंत `Cropping` मधून चारी बाजू कापून ठेवा आणि खरं कॅप्चर सुरू करण्याआधी ती कापणी आठवणीने काढा, नाहीतर ५७६ ओळी पूर्ण येणार नाहीत.

चित्र थोडं फिकं, मेलेलं दिसेल. दिसू द्या. फिकं चित्र नंतर ताणून उठाव देता येतो. पूर्ण कॅसेटला हेच आकडे ठेवा, प्रसंगागणिक बदलत बसू नका.

एक तपासणी जरूर करा. कॉन्ट्रास्ट कमी केल्यावर उजवं टोक उताराने खाली आलं तर ठीक. ते भिंतीसारखं उभंच राहून नुसतं डावीकडे सरकलं, तर चित्र डोंगलच्या चिपमध्ये आधीच कापलं जातंय आणि त्या सरकपट्ट्या त्यानंतर लागू होतायत. तसं असेल तर सेटिंगशी झटापट करू नका, दुसऱ्या जातीचा डोंगल मिळवा.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण चित्राच्या वरच्या भागातल्या उभ्या रेषा, म्हणजे मांडवाचे खांब, दाराच्या चौकटी, वाकतात किंवा लहरतात का तेही पाहा. टेप खेचली जाताना प्रत्येक ओळ किंचित मागेपुढे सुरू होते, त्याचा तो परिणाम. हे नंतर सॉफ्टवेअरने सरळ करणं जवळजवळ अशक्य. यावर व्हीसीआर आणि डोंगल यांच्यामध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडतात. रेकॉर्डिंग करायचं नाही, सिग्नल फक्त त्याच्यातून जाऊ द्यायचा. पॅनासॉनिकचे `DMR-ES10` आणि `DMR-ES15` यासाठी प्रसिद्ध आहेत, कारण ते प्रत्येक ओळ पुन्हा जागेवर बसवून देतात. जुन्या बाजारात मिळाला तर घ्या. खांब सरळच दिसत असतील तर त्या भानगडीत पडू नका.

खालची पट्टी

ती बिघाड नाही. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात आणि दर फील्डला वाचन एकाकडून दुसऱ्याकडे जातं. तो बदल चित्राच्या अगदी तळाशी होतो आणि तिथल्या काही ओळी विस्कटतात. जुने टीव्ही चित्राच्या कडा झाकायचे, म्हणून ती कधी दिसली नाही. ती दुरुस्त करू नका आणि कापूनही टाकू नका, काळ्या रंगाने झाका. कापली की मग चार-तीनचं प्रमाण राखायला चित्र ताणावं लागतं.

आता सफाई, आणि अक्षता

मूळ कॅप्चर फाइलला हात लावायचा नाही. तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि मग पुढचं.

पहिलं काम डीइंटरलेस, आणि ते प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम बनवून, म्हणजे २५ च्या ५० फ्रेम करून. बरेच जण २५ वरच थांबतात, आणि मग कॅमेरा मांडवात फिरतो तेव्हा चित्र धक्के देतं. अर्धी हालचालच फेकून दिलेली असते. फील्डचा क्रमही बरोबर सांगावा लागतो. अशा डोंगलमधून पालमध्ये सहसा वरचं फील्ड आधी येतं, तरी ५० फ्रेमची छोटी चाचणी फाइल बनवून एकेक फ्रेम पुढे न्या. हात दोन पावलं पुढे, एक मागे असा चालला तर क्रम उलटा आहे. उत्तम डीइंटरलेस हवा असेल तर हायब्रिड नावाच्या प्रोग्राममधला `QTGMC` वापरा. तो खूप सावकाश चालतो, पण तिरक्या कडा त्याच्याइतक्या स्वच्छ कोणी देत नाही. रोजच्या कामाला एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्राममधला `bwdif` पुरतो.

मग रंग. व्हीएचएसवर रंगाची बारकाई उजळपणाच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे थोडं सांडणं राहणारच. पण तुमच्या हातात असलेली कॅसेट बहुधा मूळ नाही. त्या काळी व्हिडिओग्राफर शूट केलेल्या टेपवरून नावं आणि गाणी घालून दुसरी टेप बनवायचे आणि तिच्या प्रती घरोघर द्यायचे. प्रत्येक नकलेत रंग थोडा खाली आणि बहुधा उजवीकडे सरकतो. कुंकू पाहा. गडद ठिपका कपाळावर आणि लाली भुवईवर उतरलेली असेल तर हेच झालंय. सरकलेला रंग `chromashift` ने मागे नेता येतो. सांडलेला तेवढा राहतो.

शेवटी दाणे, म्हणजे नॉइज. लग्नाच्या कॅसेटमध्ये इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘डाग काढा’ प्रकारचे फिल्टर एकाच तर्काने चालतात: एखादा ठिपका या फ्रेममध्ये आहे पण आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये त्याच जागी नाही, तर तो टेपचा दोष. टेपवरचा लेप उडालेल्या जागी खरंच असे पांढरे ओरखडे येतात. पण ‘शुभमंगल सावधान’ झालं की अक्षता उडतात, आणि उडती अक्षत प्रत्येक फील्डमध्ये नव्या जागी असते. फिल्टरच्या दृष्टीने ती डागच. मंगलाष्टका संपतात, सगळे हात वर करतात आणि हवेत काहीच उडत नाही, अशा ‘साफ केलेल्या’ फाइली मी पाहिल्यात.

डोळ्याला फरक सहज कळतो. टेपचा ओरखडा आडवा, लांबट असतो आणि एका फील्डपुरता येतो. अक्षत बारीक असते आणि पुढच्या काही फील्डमध्ये खाली जाताना दिसते. पण हे फिल्टरला शिकवण्यापेक्षा डाग काढणारा फिल्टर लावूच नका, आणि अगदीच खुपणारे ओरखडे असतील तर तेवढ्याच सेकंदांपुरता लावा. दाण्यांसाठी `hqdn3d` सौम्य ठेवा: उजळपणावर कमी, रंगावर जास्त. डोळ्याला खुपतात ते लाल-निळे तरंगणारे ढग रंगात असतात आणि बारकाई उजळपणात, म्हणून रंगावर जोर लावला तरी फारसं काही जात नाही.

हे सगळं एका ओळीत:

```
ffmpeg -i master.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff:deint=all,chromashift=cbh=-2:crh=-2:cbv=-4:crv=-4,hqdn3d=1:5:2:8,eq=contrast=1.06,crop=704:576:8:0,drawbox=x=0:y=566:w=704:h=10:color=black:t=fill,setsar=12/11" -af "pan=mono|c0=c0" -c:v libx264 -preset slow -crf 17 -pix_fmt yuv420p -colorspace bt470bg -c:a aac -b:a 160k lagna.mp4
```

आकडे तुमच्या टेपप्रमाणे बदलतील. `chromashift` मधले उणे आकडे रंगाला डावीकडे आणि वर नेतात. कुंकू आणि लाली एकमेकांवर बसेपर्यंत एकेकाने कमीजास्त करा. `hqdn3d` मधले चार आकडे क्रमाने असे: उजळपणा एका फ्रेममध्ये, रंग एका फ्रेममध्ये, उजळपणा वेळेच्या ओघात, रंग वेळेच्या ओघात. तिसरा आकडा वाढवलात की अक्षतांमागे शेपटी दिसू लागते, तिथेच थांबून एक पाऊल मागे या. `drawbox` मधला १० हा आकडा तुमची पट्टी किती ओळींची आहे त्यावर ठेवा. ७२० पैकी खरं चित्र सुमारे ७०२ ठिपक्यांतच असतं, म्हणून कडेचे आठ-आठ कापून ७०४ ठेवले, आणि `setsar=12/11` मुळे ते पडद्यावर बरोबर चार-तीन दिसतात. ते विसरलात तर माणसं किंचित बारीक दिसतील.

चाचणी पूर्ण कॅसेटवर करू नका. दोन मिनिटांचे तीन तुकडे घ्या: आंतरपाट आणि अक्षता, पंगतीतला अंधारा भाग, आणि कॅमेरा हातात धरून चालतानाचा वरातीचा भाग. तिन्हीत जे आकडे चालतील ते घ्या. ‘शार्पन’ लावायची इच्छा होईल. व्हीसीआरने कडांना आधीच पांढरी किनार दिलेली असते, शार्पन ती किनारच मोठी करतं. व्हीसीआरवर शार्पनेसचं बटण असेल तर तेसुद्धा कॅप्चरआधीच ‘सॉफ्ट’कडे फिरवून ठेवा.

आवाज

साध्या व्हीसीआरवरून आवाज मोनो येतो, आणि डोंगलला एकच वायर लावली असेल तर फक्त डावीकडे. वरच्या आज्ञेतला `pan` डावा भाग घेऊन त्याची मोनो पट्टी करतो, मग तो दोन्हीकडे ऐकू येतो. तुमचा आवाज उजवीकडे असेल तर `c0=c1` लिहा. खरखर कमी करायची तर आवाज वेगळा काढून ऑडॅसिटीमध्ये न्या. कॅसेटच्या सुरुवातीला कार्यक्रम चालू होण्याआधीची दोन-तीन सेकंदं नमुना म्हणून द्या आणि कपात ६ ते ८ डेसिबलच ठेवा. त्याहून जास्त केलं की सनईच्या वरच्या सुरांना पाण्याखालून आल्यासारखा घुमारा येतो आणि मंगलाष्टकांतले ‘स’ बोथट होतात. सलग घूं असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर कॅप्चर करून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानेच तो जातो.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी ५० च्या ६० फ्रेम करू नका. संगणक आणि फोन ५० फ्रेमची फाइल सरळ चालवतात, आणि बदलायला गेलात तर पुन्हा धक्के येतील. यूट्यूबवर खासगी दुवा करून पाठवणार असाल तर मात्र एक वेगळी प्रत १४४० बाय १०८० अशी मोठी करून चढवा. त्यात बारकाई वाढत नाही, पण ७२० ओळींच्या खालच्या व्हिडिओला यूट्यूब ५० फ्रेम देत नाही. अशी प्रत बनवताना आज्ञेतलं `setsar=12/11` काढून त्याजागी `scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1` घाला आणि शेवटी `lagna.mp4` ऐवजी दुसरं नाव द्या, नाहीतर पहिली फाइल पुसली जाईल. बाकी काही बदलू नका.